फोन नक्की कोणाच्या खात्यावर चालतो?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ साली तिथल्या ग्रामस्थांनी ठरवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. या प्रयोगाची बातमी पार परदेशापर्यंत गेली. तिथे अख्खं गाव एकदम थांबतं, म्हणून ते जमतं. सांगलीत विश्रामबागेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये भोंगा नसतो. तिथे थांबण्याची सोय फोनमध्येच करावी लागते, आणि ती करताना बहुतेक घरांत पहिलंच पाऊल चुकतं.

शेजारच्या घरातलं उदाहरण घेऊ. मुलगा सहावीत आहे. क्लासच्या नोट्ससाठी म्हणून वडिलांनी आपला जुना अँड्रॉइड फोन त्याला दिला. यूट्यूबमध्ये नको ते व्हिडिओ गाळणारा ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ सुरू केला आणि काम झालं असं समजून ते निश्चिंत झाले. पण फोनमध्ये गूगल खातं वडिलांचंच राहिलं होतं. त्या खात्याचं वय चव्वेचाळीस. त्यामुळे प्ले स्टोअर, क्रोम, यूट्यूब या सगळ्यांच्या दृष्टीने फोन हातात धरणारा माणूस चव्वेचाळीस वर्षांचाच. तो मोड सेटिंगमधून कोणालाही बंद करता येतो. पोरानेही तो केला होता.

मुख्य बंधनं फोनच्या खोक्याला नसतात, खात्याला असतात. म्हणून जुना फोन देताना आधी सेटिंगमध्ये जाऊन आपलं गूगल खातं काढून टाकायचं आणि मग तिथूनच फॅक्टरी रिसेट करायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. खातं न काढता बटणं दाबून फोन पुसला, तर चोरीविरोधी कुलूप लागतं आणि फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो. मग फोन नव्याने सुरू करताना मुलाच्या नावाने खातं उघडायचं आणि जन्मसाल खरं टाकायचं. वय तेरापेक्षा कमी असेल तर पालकाची संमती लागते, ती आपल्या खात्याच्या पासवर्डने द्यायची. वय वाढवून टाकलं तर साधं मोठ्या माणसाचं खातं तयार होतं आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. आपल्या फोनवर गूगलचं ‘फॅमिली लिंक’ हे मोफत अॅप घेतलं की दोन्ही खाती जोडली जातात.

एवढं झालं की बऱ्याच गोष्टी आपसूक होतात. क्रोममध्ये मागमूस न ठेवणारी ‘इनकॉग्निटो’ खिडकी उघडत नाही, शोधात अश्लील निकाल गाळणारं सेफसर्च सुरू असतं, नवं अॅप घ्यायचं तर परवानगी आपल्या फोनवर येते. इथे एक फट आहे. एकदा मंजूर केलेलं अॅप काढून टाकलं तरी मूल ते पुन्हा घेऊ शकतं, त्यासाठी नव्याने विचारणा होत नाही. एखादं अॅप नकोच असेल तर फॅमिली लिंकच्या यादीत जाऊन ते ‘ब्लॉक’ करावं.

दुसरी फट मोठी आहे. वेबसाइट गाळण्याचं काम फॅमिली लिंक क्रोमपुरतंच करतं. पुष्कळ फोनांत कंपनीने स्वतःचा वेगळा ब्राउझर आधीच घालून ठेवलेला असतो आणि त्याला ही चाळणी लागत नाही. शेजारच्यांनी आधी तो ब्राउझर ब्लॉक केला. मग सगळ्या फोनला लागू होईल अशी आणखी एक चाळणी बसवली, तिचं नाव डीएनएस.

आपण एखाद्या साइटचं नाव टाकतो तेव्हा फोन आधी डीएनएस सर्व्हरला त्या नावाचा आकडी पत्ता विचारतो. काही सर्व्हर नको त्या साइटचा खरा पत्ता देतच नाहीत, त्यामुळे पान उघडत नाही. अँड्रॉइड ९ पासून पुढे सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात `Private DNS` असतं. तिथे हे नाव टाकायचं:

```
family.cloudflare-dns.com
```

क्लाउडफ्लेअर या कंपनीची ही मोफत सेवा २०२० साली सुरू झाली. ती चालते का हे पाहायला कुठल्या घाणेरड्या साइटवर जायची गरज नाही. कंपनीने त्यासाठीच `nudity.testcategory.com` असा पत्ता ठेवला आहे. तो उघडला नाही तर चाळणी लागली. नाव टाकताना एक अक्षर जरी चुकलं तरी इंटरनेट पूर्ण बंद पडतं, तेव्हा रिचार्ज संपला की काय म्हणून धावण्याआधी स्पेलिंग बघा. हे सेटिंग मूल बदलूही शकतं, म्हणून अधूनमधून तो चाचणीचा पत्ता टाकून पाहावा. नेट दुसऱ्याच वाटेने फिरवणारं व्हीपीएन अॅप असेल तर ही चाळणी सरळ ओलांडता येते. पण ते अॅप घ्यायला आपली परवानगी लागते, ती देऊ नका.

डीएनएसची मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हवी. पाकिटावरचं नाव-गाव वाचणाऱ्या पोस्टमनसारखं त्याचं काम असतं, आतल्या पत्रात काय आहे ते त्याला कळत नाही. यूट्यूबवर गणिताचा तास असो की शिवीगाळीचा व्हिडिओ, नाव एकच, `youtube.com`. तिथे निवड करायची तर पुन्हा मुलाच्या खात्याकडेच यावं लागतं. पालकाला यूट्यूबची पातळी ठरवता येते. सहावीच्या मुलाला सर्वांत खालची, म्हणजे नऊ वर्षांपुढच्यांसाठीची पातळी पुरते. तरी यंत्राने केलेली निवड आहे, एखादा व्हिडिओ निसटतोच.

वेळेचं गणित त्या घरात असं बसवलं: रात्री नऊ ते सकाळी साडेसहा ‘डाउनटाइम’ म्हणजे फोनला कुलूप, दिवसाची एकूण मर्यादा एक तास, त्यात यूट्यूब अर्धा तास. संध्याकाळी सात ते साडेआठ ‘स्कूल टाइम’, म्हणजे या वेळात निवडक अॅपच उघडतात. नाव शाळेचं असलं तरी वेळ आपणच ठरवायची असते. क्लासचं अॅप ‘नेहमी चालू’मध्ये टाकलं, त्याचा वेळ तासात धरला जात नाही. फोन कुलूपबंद झाल्यावरही आलेला कॉल घेता येतो, हे आजीला आवर्जून सांगावं लागलं.

ठरवलेली मर्यादा मुलाच्या फोनमध्येच बसते, पण नवा बदल पोचायला त्या फोनला नेट लागतं. नेट संपलेलं असताना मुलाला जादा पंधरा मिनिटं द्यायची असतील तर फॅमिली लिंकमधला पालकांचा कोड कामी येतो. तो ठरावीक वेळाने बदलत राहतो, त्यामुळे पाठ करून उपयोग नसतो. पोराने तो प्रयत्न केलाच म्हणे.

फॅमिली लिंकच्या अहवालात एकदा संध्याकाळचा वापर शून्य दिसला. मुलगा शांत बसून पुस्तक वाचत असेल असं आईला वाटलं. तो दिवाणखान्यात टीव्हीवर यूट्यूब पाहत होता, आणि टीव्हीत खातं होतं वडिलांचं. फॅमिली लिंकची वेळमर्यादा तिकडे लागू होत नाही. टीव्हीच्या यूट्यूबमध्ये मुलाचं खातं जोडून वडिलांचं काढल्यावर निदान व्हिडिओंची पातळी तरी सारखी झाली. तिथला वेळ अजून रिमोट आईच्या हातात ठेवूनच मोजला जातो.