पाळीआधीचे डाग आणि ‘प्रोजेस्टेरॉन कमी’ : एका निदानाची पार्श्वभूमी

माझ्या एका मैत्रिणीची छोटी निळी वही माझ्यासमोर आहे. तिचं वय 32, वर्षभर मुलासाठी प्रयत्न चाललेले. पानावर पाळीचे दिवस ओळीने लिहिलेत. तेराव्या दिवसापुढे ‘पट्टी गडद’, म्हणजे बीज सुटायची वेळ सांगणाऱ्या ओव्ह्युलेशन किटवरची रेघ ठळक आली. बाविसाव्या दिवसापुढे तपकिरी पेनाने एक ठिपका, तसेच तेवीस, चोवीस आणि पंचवीसला. सव्वीसला लाल अधोरेखित : ‘पाळी’. ठिपक्यांशेजारी तिने लिहिलंय, ‘प्रोजेस्टेरॉन कमी असणार.’

हे तिने स्वतःच ठरवलं होतं. पाळीच्या तीन-चार दिवस आधी डाग पडू लागले की बहुतेक बायका हेच गृहीत धरतात, अनेक डॉक्टरही धरतात. ही समजूत कुठून आली आणि तिचं पुढे काय झालं, हे कळलं की या ठिपक्यांकडे बघण्याची रीत बदलते.

सुरुवात सशांपासून होते. बीजांडकोशातून बीज बाहेर पडलं की रिकाम्या पुटिकेची एक पिवळसर गाठ होते, तिला कॉर्पस ल्युटियम, आपल्या भाषेत पीतपिंड म्हणतात. तिचं काम काय, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ठाऊक नव्हतं. गुस्टाव बॉर्न या जर्मन संशोधकाला शंका होती की गर्भ रुजण्यासाठी लागणारं काहीतरी हीच गाठ रक्तात सोडत असावी. तो आजारी होता, प्रयोग करणं त्याच्या हातून होणार नव्हतं. ते काम लुडविग फ्रेंकेलने केलं. गाभण सशिणींचे पीतपिंड त्याने जाळून टाकले आणि गर्भ टिकले नाहीत. त्याचा लेख 1903 चा. 1929 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी पीतपिंडाच्या अर्कावर सशाचा गर्भ टिकवून दाखवला, आणि 1934 मध्ये तो घटक शुद्ध रूपात हाती आला : प्रोजेस्टेरॉन.

त्याच सुमारास पाळीचं गणितही बसत होतं. जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट दाखवली : बीज कधी सुटलं हे मागच्या पाळीपासून नव्हे, तर पुढच्या पाळीपासून उलटं मोजावं. पाळी लांबते किंवा आखडते ती मुख्यतः पहिल्या भागात. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा दुसरा भाग, ल्युटियल फेज, बराचसा ठरलेला असतो, साधारण 12 ते 14 दिवस. पीतपिंडाचं आयुष्यच तेवढं. गर्भ रुजून त्याने संप्रेरकाचा इशारा पाठवला तर गाठ जगते, नाहीतर विरते, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि अस्तर गळायला लागतं.

हे गळणं डोळ्यांनी पाहिलं जॉन मार्की यांनी. 1940 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी माकडिणींच्या गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे त्यांच्याच डोळ्याच्या पारदर्शक पडद्यामागे रोवले आणि पाळी येताना तिथे काय घडतं ते बाहेरून पाहिलं. संप्रेरक उतरलं की अस्तर आकसतं, त्यातल्या पिळदार रक्तवाहिन्या आवळतात आणि मग ठिकठिकाणी रक्त झिरपतं. पाळीआधीचा डाग म्हणजे या झिरपण्याची लवकर झालेली सुरुवात असू शकते, हे इथून सहज सुचतं. प्रोजेस्टेरॉन वेळेआधी उतरलं तर डागही वेळेआधी पडणार.

त्यावर निदानाची इमारत उभी राहिली 1949 मध्ये. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉर्जियाना सीगर जोन्स यांनी वंध्यत्वावरच्या लेखात ‘ल्युटियल फेज डिफेक्ट’ मांडला : बीज सुटतं, पण पीतपिंड कमी पडतो, म्हणून अस्तर गर्भासाठी पुरतं तयार होत नाही. (याच जोन्स पुढे पती हॉवर्ड यांच्यासह अमेरिकेतल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या कामाच्या आघाडीवर होत्या, 1981 मध्ये.) कल्पना तर्काला धरून होती आणि हाती उपायही होता. कमी पडतंय ते बाहेरून द्यायचं.

मोजायचं कसं, याचं उत्तर वर्षभरात मिळालं. 1950 मध्ये बोस्टनचे नॉइस, हर्टिग आणि रॉक यांनी अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो पाळीच्या कितव्या दिवसाचा आहे हे ओळखायचे निकष दिले. अस्तर अपेक्षेपेक्षा दोन दिवसांहून जास्त मागे दिसलं की ‘दोष’. पुढची पन्नास वर्षं मुलासाठी आलेल्या असंख्य बायकांनी पाळीच्या तोंडावर ही बायोप्सी करून घेतली, भूल न घेता, दातावर दात ठेवून. आपल्याकडे पाळीआधी घेतलेला असा नमुना क्षयरोगासाठीही तपासतात, ते कारण वेगळं आणि आजही लागू आहे.

या मोजणीत एक फट होती. तुकडा कितव्या दिवसाचा असायला हवा, हे पुढची पाळी आल्यावर मागे 14 दिवस मोजून ठरवायचे. म्हणजे जिचा दुसरा टप्पा खरोखर नऊच दिवसांचा, तिलाही 14 चीच फूटपट्टी लागायची. जे शोधायचं तेच मोजणीत आधी गृहीत धरलेलं. 2004 मध्ये अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून ही बायोप्सी तपासून पाहिली. सहज दिवस राहिलेल्या बायकांमध्येही टप्प्याच्या मध्यावर घेतलेले जवळपास निम्मे नमुने ‘मागे’ निघाले, आणि ज्यांना दिवस राहत नव्हते त्यांच्यापेक्षा हे प्रमाण कमी नव्हतं. अस्तराची तारीख काढून वंध्यत्वाचं कारण ठरवणं तिथे संपलं.

रक्ततपासणीचंही तसंच. दुसऱ्या टप्प्यात प्रोजेस्टेरॉन एकसारखं वाहत नाही, झटक्याझटक्याने सुटतं. 1984 मध्ये दर दहा मिनिटांनी रक्त घेऊन पाहिलं तेव्हा एकाच निरोगी बाईचा आकडा थोड्याच वेळात कित्येक पट वर-खाली झाला. त्यामुळे एका नमुन्यावरून ‘कमी’ म्हणणं धाडसाचं ठरतं. बीज सुटलं की नाही एवढं मात्र तो सांगतो : मिलीलीटरमागे 3 नॅनोग्रॅमच्या वर असलं की सुटलं. आणि तपासणी ‘एकविसाव्या दिवशी’ करायची सवय 28 दिवसांच्या पाळीतून आली आहे. जिची पाळी 34 दिवसांची, तिचं बीज विसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. एकविसाव्या दिवशी तिचा आकडा 1 च्या घरात आला तर त्यात दोष कसलाच नाही, रक्त सहा दिवस लवकर घेतलं गेलं. हा एकच गैरसमज किती फायलींमध्ये ‘लो प्रोजेस्टेरॉन’ होऊन बसला असेल, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

मग आखूड टप्पा आणि दिवस राहणं यांचा संबंध आहे की नाही? आहे, पण सांगितला जातो तेवढा पक्का नाही. 1999 मध्ये ॲलन विलकॉक्स यांच्या गटाने रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून दाखवलं की बहुतेक टिकणारे गर्भ बीज सुटल्यानंतर 8 ते 10 दिवसांत रुजतात, आणि जितका उशीर तितके ते लवकर गळतात. टप्पा नऊ दिवसांत आटोपत असेल तर रुजणाऱ्या गर्भाला इशारा पोहोचवायला सवडच उरत नाही, हे त्यावरून पटतं. पण 2017 मध्ये, नुकत्याच प्रयत्नाला लागलेल्या बायकांच्या पाळ्या महिन्यामागून महिने मोजल्या तेव्हा जवळजवळ दर पाचवी पाळी 11 दिवस किंवा त्याहून आखूड टप्प्याची निघाली. असा टप्पा आलेल्यांना पहिल्या सहा महिन्यांत दिवस राहायला वेळ लागला, वर्षाअखेर मात्र ठळक फरक उरला नाही. अमेरिकेतली प्रजननतज्ज्ञांची संस्था आज 10 दिवस किंवा कमी टप्प्याला आखूड म्हणते, पण तेवढ्यानेच वंध्यत्व येतं हे सिद्ध झालेलं नाही, असंही सांगते. टप्पा वारंवार आखूड येत असेल तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासावं, फार व्यायाम आणि अपुरं खाणं पाहावं, कारण तिथला बिघाड दुरुस्त केला की टप्पाही पुष्कळदा सुधारतो.

आता वहीकडे परत. मैत्रीण पहिला ठिपका पडला की तोच पाळीचा पहिला दिवस धरायची. तसं मोजलं तर तिचा दुसरा टप्पा सात दिवसांचा, आणि ते कुणालाही घाबरवेल. पण पहिला दिवस तो, ज्या दिवशी नीट स्राव सुरू होतो, पॅड लागतं. डाग मागच्याच पाळीत मोजायचे. पट्टी तेराव्या दिवशी गडद, म्हणजे बीज चौदाव्याच्या सुमारास सुटलं. पंधरापासून पंचवीसपर्यंत अकरा दिवस. काठावरचं, पण आखूड म्हणण्याइतकं नाही. प्रश्न उरला तो चार दिवसांच्या डागांचा.

इथे इतिहासातला एक दुर्लक्षित धागा उपयोगी पडतो. 1980 मध्येच ॲन कोल्स्टन वेंट्झ यांनी लिहिलं होतं की पाळीआधीच्या डागांचा संबंध ल्युटियल टप्प्याच्या कमतरतेशी नाही, तर एंडोमेट्रिओसिसशी दिसतो, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी बाहेर, बीजांडकोशावर किंवा ओटीपोटात वाढण्याशी. फार कुणी लक्ष दिलं नाही. 2014 मध्ये दिवस राहत नसलेल्या आणि दुर्बिणीतून तपासलेल्या 80 बायकांची नोंद प्रसिद्ध झाली. दोन किंवा जास्त दिवस डाग पडणाऱ्यांपैकी दहातल्या जवळपास नऊ जणींना एंडोमेट्रिओसिस निघाला, इतरांमध्ये साधारण चौघींत एकीला. हा गट निवडक होता, डाग पडणाऱ्या प्रत्येकीला हे लागू नाही. पॉलिप, गर्भाशयमुखाची सूज, थायरॉइड अशीही कारणं असतात. संभोगानंतर किंवा पाळीच्या मध्येच रक्त जात असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी आधी हवी.

मैत्रिणीला आधी दर महिन्याला सोळाव्या दिवसापासून घ्यायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मिळाल्या होत्या. डाग थांबले आणि तिला वाटलं उपाय लागू पडला. पण गोळी चालू असेपर्यंत अस्तर धरून राहतं, डाग दिसणार कसे? त्यात बीज सुटायच्या आधीच गोळी सुरू झाली तर ते सुटण्यातच अडथळा येऊ शकतो. टेस्ट ट्यूब उपचारांत प्रोजेस्टेरॉनचा आधार खरोखर लागतो, कारण तिथे औषधांनी पीतपिंडाचं काम बिघडतं. आपोआप बीज सुटणाऱ्या बाईला डाग पडतात म्हणून ते दिल्याने दिवस राहतात, असा भक्कम पुरावा नाही.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी वही पाहिली, ठिपके मोजले आणि एकच विचारलं, “पाळीत शौचाला बसताना दुखतं का गं?” ती थोडा वेळ गप्प राहिली. कॉलेजपासून दुखत होतं. आई म्हणायची, सगळ्यांनाच दुखतं. सोनोग्राफीत डाव्या बीजांडकोशावर तीन सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे होणारी जुन्या रक्ताची गाठ, दिसली.