मायसेलची निर्मिती आणि क्रांतिक संहती

मायसेल म्हणजे साबण किंवा डिटर्जंटच्या रेणूंचा पाण्यात आपोआप जमणारा पुंजका. या रेणूंना पाण्यात रमणारे डोके आणि हायड्रोकार्बनची लांब शेपटी असते. पुंजक्यात शेपट्या आत व डोकी बाहेर राहतात. साबणाच्या द्रावणात असे पुंजके असावेत, ही कल्पना जेम्स मॅकबेन यांनी १९१३ मध्ये मांडली.

सोडियम डोडेसिल सल्फेट हे नेहमीचे उदाहरण घेऊ. २५° सेल्सिअसला त्याची संहती दर लिटरला सुमारे ८ मिलिमोल, म्हणजे साधारण २.३ ग्रॅम, होईपर्यंत रेणू सुटे राहतात किंवा पृष्ठभागावर जमतात. या मर्यादेला क्रांतिक संहती म्हणतात. तिच्यापुढे घातलेले बहुतेक रेणू मायसेलमध्ये जातात, आणि एकेका मायसेलमध्ये सुमारे ६० रेणू असतात. संहती २० मिलिमोल केली, तर ढोबळमानाने ८ मिलिमोल रेणू सुटे राहतात आणि उरलेल्या १२ मिलिमोलांतून दर लिटरला ०.२ मिलिमोल मायसेल होतात.

ही मर्यादा इतकी ठळक असते, कारण पुंजका दोन-चार रेणूंचा असून भागत नाही. शेपट्या पाण्यापासून नीट झाकल्या जाण्यासाठी अनेक रेणू एकत्र यावे लागतात. विद्युत्भार बाजूला ठेवून पाहिले, तर ६० रेणूंच्या मायसेलचे प्रमाण सुट्या रेणूंच्या संहतीच्या साठाव्या घातावर अवलंबून असते, त्यामुळे ती संहती १० टक्क्यांनी वाढली की हे प्रमाण सुमारे ३०० पट होते.

शेपट्यांना एकमेकींची फार ओढ असते, असे सहज वाटते. प्रत्यक्षात या पदार्थाच्या बाबतीत २५° सेल्सिअसच्या आसपास मायसेल बनताना उष्णता जवळजवळ शोषलीही जात नाही आणि बाहेरही पडत नाही, तरी प्रक्रिया आपोआप घडते. म्हणजे तिला रेटणारी गोष्ट एन्ट्रॉपी, ढोबळमानाने रेणूंना मांडणीचे असलेले स्वातंत्र्य, आहे. शेपटीशी पाण्याला हायड्रोजन बंध करता येत नाहीत. आपसांतले बंध टिकवण्यासाठी तिच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना ठरावीक दिशांनीच वळून राहावे लागते आणि त्यांचे स्वातंत्र्य घटते. शेपट्या एकत्र आल्या की हे पाणी मोकळे होते, व त्याची वाढलेली एन्ट्रॉपी डिटर्जंटचे रेणू एकत्र बांधले गेल्याने घटलेल्या एन्ट्रॉपीपेक्षा जास्त भरते. शेपटीभोवती बर्फाचा पिंजरा असतो, हे जुने चित्र मात्र शब्दशः घेऊ नये. तापमान बरेच वाढले, की एन्ट्रॉपीचा वाटा घटून उष्णतेचा वाढतो.

मायसेल अमर्याद वाढत नाही, कारण ऋणभारित डोकी एकमेकांना दूर ढकलतात. मीठ घातले की हे प्रतिकर्षण झाकले जाते; ०.१ मोल प्रतिलिटर मिठात क्रांतिक संहती सुमारे १.५ मिलिमोलपर्यंत उतरते.

क्रांतिक संहती मोजताना डिटर्जंट वाढवत नेले, की द्रावणाचा पृष्ठताण घसरत येतो आणि त्या मर्यादेला जवळपास स्थिरावतो. स्थिरावण्याआधी आलेखात खड्डा दिसला, तर नमुना अशुद्ध समजावा. बहुधा डिटर्जंटच्या विघटनातून आलेले डोडेकॅनॉल हे अल्कोहोल पृष्ठभागावर जमून पृष्ठताण आणखी उतरवते आणि पुढे मायसेल ते आपल्या पोटात घेतात.