कॅमेऱ्यात किती रुंदी दिसते : एका इंचाची जुनी गफलत

कॅमेऱ्यात किती रुंदी दिसेल ते काढायचं सूत्र शाळेतल्या समरूप त्रिकोणांचंच आहे. दिसणारी रुंदी = सेन्सरची रुंदी × अंतर ÷ फोकल लेंथ. फोकल लेंथ लेन्सवर छापलेली असते, अंतर टेपने मोजता येतं. गोची तिसऱ्या आकड्यात आहे. सेन्सरची, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपची, रुंदी कॅमेऱ्याच्या कागदावर सरळ लिहिलेली नसते. तिथे असतं '१/३ इंच' किंवा '१/२.८ इंच', आणि एक इंच म्हणजे २५.४ मिमी धरून हिशेब करणारा माणूस तिथेच फसतो.

या नावाचं मूळ व्हिडिकॉन नळीत आहे. १९५०च्या दशकात टीव्हीचे आणि पुढे पाळतीचे कॅमेरे अशा काचेच्या नळ्यांवर चालायचे. नळीभोवती इलेक्ट्रॉनांचा झोत वळवणारी गुंडाळी बसवायची असे, म्हणून बनवणाऱ्याच्या कामाचं माप नळीचा बाहेरचा व्यास. एक इंची नळीत प्रतिमेचा कर्ण जेमतेम १६ मिमी, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश. नळीचं माप आणि चित्राचं माप वेगळं असणं तेव्हा कोणाला खटकलं नाही.

१९८०च्या दशकात सीसीडी चिप आली, काच गेली, गुंडाळी गेली. नाव मात्र तसंच ठेवलं गेलं. जुन्या लेन्स आणि तक्ते चालत राहावेत हा त्यामागचा व्यवहार समजतो, पण माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता. चिपला बाहेरचा व्यासच नाही, मग त्याच्या नावाने माप कशाला? '१/३ इंच' चिपचा कर्ण साडेआठ मिमी नव्हे, ६ मिमी असतो, आणि रुंदी ४.८ मिमी. मिलिमीटरमध्ये रुंदी छापली असती तर पुढच्या कित्येक चुका टळल्या असत्या.

ॲनालॉगच्या काळात या घोळाची झळ कमी बसायची. पुठ्ठ्याची गोल चकती मिळायची. ती फिरवून अंतर आणि हवी ती रुंदी जुळवली की चिपच्या नावापुढच्या खिडकीत लेन्स दिसे. ४.८ मिमी तिच्यात आधीच धरलेले असत. शिवाय चित्र ४:३ ठरलेलं, त्यामुळे चकती बरोबर निघायची. एचडी आणि आयपी कॅमेऱ्यांनी चित्र १६:९ केलं आणि चकती जुनी झाली. १/२.८ इंची, १९२० पिक्सेल रुंद, २.९ मायक्रॉन पिक्सेलच्या चिपची रुंदी सुमारे ५.६ मिमी भरते.

एक गेट घेऊ. गेट कॅमेऱ्यापासून १२ मीटरवर, लेन्स ४ मिमी, चिप हीच. ५.६ × १२ ÷ ४ = १६.८ मीटर. जुन्या चकतीवर १/३ इंच धरून उत्तर १४.४ येतं, आणि तो १/३ इंच साडेआठ मिमी समजला तर साडेपंचवीस. एकाच गेटची तीन उत्तरं. आमच्या सोसायटीच्या ठेकेदाराने 'गेट पूर्ण येतंय' एवढंच पाहून अशीच ४ मिमी लेन्स लावली होती. १९२० पिक्सेल १६.८ मीटरवर पसरले की मीटरला ११४ पडतात. अर्ध्या मीटर रुंदीच्या नंबरप्लेटच्या वाट्याला ५७, आणि प्लेटवर दहा अक्षरं-आकडे. एकेकाला पाच-सहा पिक्सेल. गाडीचा रंग कळायचा, नंबर कधीच नाही. १२ मिमी लेन्सने तीच रुंदी ५.६ मीटर होते आणि प्लेटला १७० पिक्सेल मिळतात. (अंतर मीटरमध्ये आणि फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये एकच आकडा असला, की चिपची मिलिमीटरमधली रुंदीच मीटरमध्ये उत्तर म्हणून येते. हे लक्षात ठेवायला सोपं.)

'किती रुंदी दिसते' याऐवजी 'मीटरला किती पिक्सेल' हा प्रश्न पुढे आला तो याच कारणाने. ब्रिटनमधल्या जुन्या नियमात माणूस पडद्याच्या उंचीच्या किती टक्के दिसतो ते बघत. ओळखीचा माणूस ओळखायला ५० टक्के, अनोळखी माणसाची ओळख पटवायला १२०. पडद्याच्या रेषांची संख्या ठरलेली होती तोवरच हे टक्के अर्थपूर्ण होते. नंतरच्या युरोपीय मानकात ओळख पटवायला मीटरला २५० पिक्सेल आले.

सूत्राला एक मर्यादा आहे. २.८ मिमीसारख्या रुंद लेन्स कडेचं चित्र वाकवून आत ओढतात. याच चिपवर सूत्राने कोन ९० अंश येतो, प्रत्यक्षात १०० च्या वर जातो, आणि कडेला मीटरमागे पिक्सेल कमी पडतात. तिथे गणितावर विसंबू नये. कॅमेरा लावण्याआधी हातात धरावा, गेटच्या अंतरावर दोन माणसं उभी करावीत, चित्राच्या दोन्ही कडांपर्यंत त्यांना सरकवावं आणि मधलं अंतर टेपने मोजावं. मग एक गाडी मधोमध आणि कडेला उभी करून प्लेट वाचता येते का ते पाहावं, दिवसा एकदा आणि हेडलाइट लावून रात्री एकदा.