पत्रिकेवरची परभाषेतली म्हण: छापायला देण्याआधी वाचा

पत्रिका, अल्बम, लग्नाच्या वाढदिवसाचे फलक यांवर परभाषेतली एखादी प्रेमाची ओळ मराठीत हवी, असं सांगणारी गिऱ्हाइकं आता सांगलीतही वाढली आहेत. कुणाची मुलगी जर्मनीत आहे, कुणाचा जावई तिकडचाच आहे. ओळ मोबाईलवर येते, तिचा शब्दाला शब्द लावलेला मराठी अर्थही सोबत असतो, आणि "हेच छापा" असा आग्रह असतो. आम्ही लगेच का छापत नाही, ते एका पत्रिकेवरून सांगतो.

मुलगी तासगावची, नवरा स्पेनचा. त्याला त्याच्या भाषेतली म्हण हवी होती: "कोन्तीगो, पान इ थेबोया." शब्दशः, "तुझ्यासोबत, भाकरी आणि कांदा." पाव म्हणायचं की भाकरी, हा वाद नंतरचा. कच्चा नमुना पाहून मुलीचे मामा म्हणाले, "जेवणाचा बेत वरच छापलाय होय?" वर गणपती आणि खाली कांदा, हे आजीलाही पटलं नाही. चातुर्मासात कांदा वर्ज्य करणारं घर ते.

मग आम्ही शब्द बाजूला ठेवले आणि तीन गोष्टी विचारल्या: ही म्हण कोण कुणाला म्हणतं, कधी म्हणतं, आणि म्हणताना चेहरा कसा असतो? उत्तर असं निघालं. प्रेमात पडलेलं माणूस जोडीदाराला म्हणतं की तू असलीस तर गरिबीतही चालेल. म्हणजे ते वचन आहे, आणि देणारे नवरा-नवरीच. त्यात थोडी थट्टाही असते. 1833 साली गोरोस्तिसा या नाटककाराने हीच म्हण शीर्षकाला घेऊन विनोदी नाटक आणलं, त्यात गरिबीतल्या प्रेमाची स्वप्नं बघणाऱ्या मुलीची टिंगलच आहे. पोरांनी म्हटली तर शपथ, थोरांनी म्हटली तर टोमणा, असा हा प्रकार.

आता मराठी शोधताना कांदा शोधायचा नाही, वचन शोधायचं. पहिलं सुचलं ते "नांदा सौख्यभरे". गोड आहे, पण तो थोरांनी दिलेला आशीर्वाद. बोलणारं तोंडच बदललं, म्हणून बाद. कुणीतरी "भाकरतुकडा" सुचवला. तो तर दृष्ट लागू नये म्हणून ओवाळून टाकतात, तेव्हा तोही बाद. शेवटी पत्रिकेवर गेलं ते असं: "चटणी-भाकर खाऊ, पण जोडीनं राहू." ही जुनी म्हण नाही, आपल्या बोलण्याच्या वळणावर बेतलेली ओळ आहे, म्हणून तिच्याखाली "मराठी म्हण" असं छापायला आम्ही नकार दिला.

मूळ थट्टा मात्र त्यात राहिली नव्हती. ती उखाण्यात बसली, कारण आपल्याकडे नवरा-नवरीने चारचौघांत हसत-लाजत बोलायची जागा तीच:

"चटणी-भाकर ताटात, कांदा फोडला मुठीत,
…चं नाव घेते, सुख आमच्या झोपडीत."

पत्रिकेवर खटकलेला कांदा इथे आपसूक परत आला.

उलटा धोका असा, की तयार मराठी म्हण हाताशी असते आणि ती चुकीची असते. जर्मनमध्ये म्हणतात, "डोळ्यांआड, मनाआड": लांब गेलेलं माणूस विसरलं जातं. याला बहुतेक जण "दृष्टीआड सृष्टी" लावतात. पण आपण ती म्हणतो आपल्या माघारी काय चालतं त्याकडे काणाडोळा करताना. विरहाच्या ओळीखाली ती छापली, तर बायको परदेशी असताना नवरा काय करतो त्याकडे बघू नका, असा अर्थ निघायचा! स्पॅनिशमधल्या "डोळ्यांना दिसत नाही ते काळजाला लागत नाही" या म्हणीला मात्र ती बरीच जवळ जाते. जर्मन म्हणीसाठी हिंदीतली "आँख ओझल, पहाड़ ओझल" बरी.

कधी जनावर बदललं तरी म्हण तीच राहते. रशियन म्हणतात, प्रेम इतकं दुष्ट की बोकडावरही जीव जडेल. हिंदीत "दिल आया गधी पर तो परी क्या चीज़ है". आमचं मत विचाराल तर ही दोन्ही पत्रिकेवर नकोत, मित्रांच्या फलकावर चालतील.

ओळ आणताना मूळ लिपीतली आणा, नुसता मराठी अर्थ नको. कुणी कुणाला म्हणायची आहे तेही सांगा. नमुना हातात आला की मूळ भाषा न येणाऱ्या घरातल्या एखाद्या माणसाला, शक्यतो वयस्कर बाईला, तो वाचायला द्या आणि "काय कळलं?" एवढंच विचारा. अर्थ आधी सांगू नका. हे सगळं व्हायला छपाईआधी चार दिवस लागतात, म्हणून मुहूर्त जवळचा असेल तर ओळ आधी पाठवा, नावं आणि कार्यालयाचा पत्ता मागून दिला तरी चालेल.