पीआर ७८ की ८०? भांडण मुळात उन्हाच्या मापाचं आहे

सोलर प्लांट सांगितल्याप्रमाणे चालतोय का हे ठरवायला सगळे पीआर म्हणजे परफॉर्मन्स रेशो बघतात. त्यात वर असते मीटरवर आलेली वीज आणि खाली असतं पॅनेलवर पडलेलं ऊन. विजेचं मीटर सीलबंद असतं, त्यावर सहसा कोणी वाद घालत नाही. वाद होतो तो खालच्या आकड्यावर, आणि तो प्लांट यायच्या खूप आधीपासूनचा आहे.

१८९३ मध्ये स्वीडनच्या क्नूट आँगस्ट्रॉमनं एक छान युक्ती काढली. काळ्या केलेल्या दोन पट्ट्या, एक उन्हात आणि एक सावलीत, आणि सावलीतली पट्टी विजेनं तेवढीच तापवायची. किती वीज लागली त्यावरून ऊन किती हे कळतं. तिकडे अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेत चार्ल्स अ‍ॅबटच्या टीमनं वेगळ्या पद्धतीची उपकरणं बनवली. मग काय झालं की दोघांचे आकडे जुळेनात, एकाच उन्हात साधारण साडेतीन टक्क्यांचा फरक. शेवटी १९५६ मध्ये तडजोड झाली, आँगस्ट्रॉमचा आकडा दीड टक्का वाढवायचा आणि स्मिथसोनियनचा दोन टक्के कमी करायचा. हसू येतं, पण जगाचं माप बरीच वर्षं यावरच चाललं. आज सगळी कॅलिब्रेशन स्वित्झर्लंडमधल्या दावोसला ठेवलेल्या उपकरणांच्या गटाशी जोडलेली असतात, तिथे दर पाच वर्षांनी देशोदेशीची उपकरणं शेजारी शेजारी ठेवून ताडून बघतात.

ही सगळी हवामानवाल्यांची मंडळी. त्यांना पूर्ण आकाशातून येणारी सगळी ऊर्जा हवी होती, म्हणून त्यांचा ऊन मोजायचा सेन्सर, पायरॅनोमीटर, तसाच घडला: काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग, त्याखाली तापमानातल्या फरकावरून व्होल्टेज देणारा थर्मोपाइल, आणि साधारण ३०० ते २८०० नॅनोमीटरपर्यंतचं सगळं ऊन तो सारखंच मोजतो.

सोलर सेलवाल्यांची गरज वेगळी होती. १९७० च्या दशकात अमेरिकेत नासाच्या मदतीनं जमिनीवरचे मॉड्यूल तपासायला सुरुवात झाली तेव्हा लक्षात आलं की सिलिकॉनला ११०० नॅनोमीटरच्या जवळपास पुढचं ऊन दिसतच नाही, मग ते मोजून करायचं काय? त्यापेक्षा कॅलिब्रेट केलेला एक सेलच शेजारी ठेवा, त्याचा करंट बघा. हाच रेफरन्स सेल. तो सेकंदाच्या आतच प्रतिसाद देतो, पायरॅनोमीटरला ढग गेल्यावर स्थिरावायला काही सेकंद लागतात. शिवाय सेलची काच सपाट असल्यानं तिरकं ऊन त्यावरूनही तसंच परावर्तित होतं जसं पॅनेलवरून.

आता गंमत इथेच आहे. समजा १० मेगावॉटचा प्लांट, महिन्यात पायरॅनोमीटरनं पॅनेलच्या कलात १८० युनिट प्रति चौरस मीटर मोजले आणि वीज आली १४०० मेगावॉट-तास. आदर्श वीज १० गुणिले १८० म्हणजे १८००, म्हणून पीआर ७७.८ टक्के. करारात हमी ७९ ची, म्हणजे नापास. आता त्याच महिन्यात रेफरन्स सेलनं अडीच टक्के कमी दाखवलं (तिरक्या उन्हामुळे आणि स्पेक्ट्रममुळे एवढा फरक सहज पडतो) तर ऊन १७५.५, पीआर ७९.८. पास! पॅनेल तेच, वीज तीच.

मग खरं कोणतं? माझ्या मते दोन्ही, पण हमीचा आकडा कशावरून काढला ते बघायला हवं. अंदाज सहसा हवामानाच्या डेटावरून करतात आणि तिरक्या उन्हाचा तोटा त्यात वेगळा वजा केलेला असतो. त्यावर रेफरन्स सेलचं माप वापरलं तर तोच तोटा खालच्या आकड्यातून परत वजा होतो आणि ठेकेदाराला फुकटचे दोन टक्के मिळतात. उलट, पॅनेल दरवर्षी किती झिजतंय हे बघायचं असेल तर सेल बरा.

आणि एवढं करूनही घुमटावर धूळ बसली तर पायरॅनोमीटरसुद्धा तेच करतो, ऊन कमी दाखवतो आणि पीआर वर चढतो, म्हणून पीआर अचानक चांगला दिसायला लागला तर आनंद मानायच्या आधी पुसलाय का ते विचारा. ओळखायला सोपं आहे: दोन सेन्सरचं गुणोत्तर फक्त स्वच्छ दुपारचं काढा, हळूहळू सरकत असेल आणि पुसल्यावर उडी मारत असेल तर धूळ. निरभ्र दिवशी सकाळ-दुपारचा आलेख अपेक्षेपेक्षा एका बाजूला झुकलेला असेल तर बहुतेक सेन्सरचा कल चुकलाय. रात्री उणे दोन-तीन वॉट दिसले तर घाबरू नका, घुमट आकाशाकडे उष्णता फेकून थंड होतो म्हणून तसं होतं, पण बेरीज करताना ते वगळा.