वर्गीय चलांचे संकेतन

(कॅटेगॉरिकल एन्कोडिंग). ज्या चलाची मूल्ये संख्या नसून नावे असतात, त्याचे प्रतिमानाला (मॉडेलला) वापरता येतील अशा संख्यांमध्ये रूपांतर करण्याची क्रिया. रक्तगट, वाहनाचा प्रकार किंवा शिक्षण ही अशा चलांची परिचित उदाहरणे. पिनकोड हे फसवे उदाहरण आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झालेली ही सहा अंकी खूण संख्येसारखी दिसते, परंतु तिच्यावर बेरीज-वजाबाकी करण्याला अर्थ नसतो. ४११०३८ हे कोथरूड आणि ४११०३९ हे भोसरी. आकड्यात एकाचे अंतर असले तरी प्रत्यक्षात ही दोन ठिकाणे पुण्याच्या दोन टोकांना आहेत. पुढील विवेचनात हेच उदाहरण घेतले आहे.

वन-हॉट पद्धतीत प्रत्येक वर्गासाठी स्वतंत्र स्तंभ करतात आणि ओळ ज्या वर्गाची असेल त्या स्तंभात १ व इतरत्र ० भरतात. संज्ञा अंकीय मंडलांच्या (डिजिटल सर्किटच्या) परिभाषेतून आली असावी. तेथे अनेक तारांपैकी एकच ‘गरम’, म्हणजे १ या स्थितीत, असते. सांख्यिकीत हीच युक्ती ‘डमी चल’ या नावाने आधीपासून रूढ होती. डॅनियल सूट्स यांचा १९५७ चा लेख तिच्यासाठी बहुधा उद्धृत होतो, मात्र तो युक्तीचा उगम नसून तिची नीट मांडणी मानणे अधिक सयुक्तिक दिसते. समाश्रयणात (रिग्रेशनमध्ये) सर्व स्तंभांची बेरीज नेहमी १ येते व ती स्थिरपदाशी एकरूप होते, म्हणून एक स्तंभ गाळतात. देशात सुमारे १९,००० पिनकोड आहेत. तितके स्तंभ विरल सारणीत मावतात, पण बहुतेक स्तंभांत शिकण्याइतके १ नसतात.

क्रमवाचक (ऑर्डिनल) पद्धतीत वर्गांना ०, १, २ असे क्रमांक देतात. वर्गांना मुळात क्रम असेल तरच तिला अर्थ आहे, आणि तो क्रम वापरणाऱ्याने सांगावा लागतो. सायकिट-लर्न या पायथॉन संचातील `OrdinalEncoder` ला तो सांगितला नाही, तर ते मूल्ये अक्षरक्रमाने लावते. ‘दहावी’, ‘बारावी’, ‘पदवी’ या मूल्यांचा अक्षरक्रम दहावी, पदवी, बारावी असा होतो. पदवीधर माणूस दहावी आणि बारावी यांच्या मध्ये जाऊन बसतो. कोणतीही त्रुटी दाखवली जात नसल्याने ही चूक बरेच दिवस लक्षात येत नाही.

लक्ष्याधारित (टार्गेट) पद्धतीत वर्गाच्या जागी त्या वर्गातील लक्ष्य चलाची सरासरी ठेवतात. कर्ज थकण्याचा अंदाज करायचा असेल, तर पिनकोडच्या जागी त्या पिनकोडमधील थकीत कर्जांचे प्रमाण येते. १९,००० स्तंभांऐवजी एकच स्तंभ पुरतो. निर्णयवृक्षांना ही पद्धत का मानवते, याचे स्पष्टीकरण ब्रीमन, फ्रीडमन, ओल्शेन व स्टोन यांच्या १९८४ च्या ग्रंथात सापडते. लक्ष्य दोन मूल्यांचे असेल आणि वर्ग सरासरीच्या क्रमाने लावले, तर k वर्गांची सर्वोत्तम विभागणी केवळ k−1 ठिकाणी शोधून मिळते. या कल्पनेचे मूळ फिशर यांच्या १९५८ च्या गटवारीवरील लेखापर्यंत नेले जाते. पद्धतीचा उगम म्हणून सहसा दानिएले मिची-बारेका यांच्या २००१ च्या लेखाचे नाव घेतात. पतमापनात ‘वेट ऑफ एव्हिडन्स’ हे जवळचे तंत्र त्याआधीही वापरात होते. त्यामुळे २००१ च्या लेखाचे श्रेय सरासरी घेण्यापेक्षा तिला समतल (स्मूद) करण्याच्या मांडणीला देणे योग्य ठरेल.

समतल करण्याचे प्रचलित सूत्र असे:

```
code = (S + m*p) / (n + m)
```

येथे `n` ही वर्गातील ओळींची संख्या, `S` त्यांतील थकीत कर्जे, `p` एकंदर प्रमाण आणि `m` हे वजन. एकंदर १० टक्के कर्जे थकीत आहेत आणि m = २० आहे, असे समजू. ५० कर्जांपैकी ८ थकीत असलेल्या पिनकोडचा संकेत १०/७०, म्हणजे ०.१४३. एकच कर्ज असलेल्या आणि ते थकलेल्या पिनकोडचा संकेत ३/२१, म्हणजे पुन्हा ०.१४३, ते फेडले गेले असल्यास २/२१, म्हणजे ०.०९५.

गळतीचा (लीकेजचा) धोका येथेच आहे. संकेत काढताना ओळीचे स्वतःचे उत्तरही बेरजेत गेलेले असते. समतल केल्याने एकांड्या पिनकोडचा संकेत १ वरून ०.१४३ वर उतरला, तरी एकांड्या ओळींपुरता ०.१४३ म्हणजे ‘थकले’ आणि ०.०९५ म्हणजे ‘फेडले’ हा अर्थ कायम राहतो. अशा ५०० एकांड्या ओळींत ५० थकलेल्या असतील, तर वृक्ष त्या ५० अचूक उचलतो आणि ०.१४३ भोवतालचा संकेत अतिधोक्याचा ठरवतो. त्याचा भुर्दंड ५० कर्जांच्या त्या पिनकोडला बसतो, जिथे खरे प्रमाण अवघे १६ टक्के आहे. समतल केले की गळती थांबते, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

ओळीचे स्वतःचे उत्तर वगळून सरासरी घेणे (लीव्ह-वन-आउट) हा उपाय सुचतो, पण तो उलटा फिरतो. वरील ५० कर्जांत समतल न करता थकलेल्या ओळीचा संकेत ७/४९ = ०.१४३ आणि फेडलेल्या ओळीचा ८/४९ = ०.१६३ येतो. त्या पिनकोडपुरती ०.१५ वर रेघ मारली की दोन्ही गट पूर्ण वेगळे होतात, तेही उलट्या दिशेने. यांडेक्स या रशियन कंपनीच्या कॅटबूस्ट या निर्णयवृक्षांवर आधारलेल्या प्रणालीवरील २०१८ च्या लेखात हा दोष दाखवला आहे. त्यावर तेथे सुचवलेला मार्ग असा: ओळी यादृच्छिक क्रमाने लावायच्या आणि प्रत्येकीचा संकेत फक्त तिच्या आधीच्या ओळींवरून काढायचा. आरंभीच्या ओळींचे संकेत त्यामुळे अस्थिर राहतात, म्हणून एकाहून अधिक क्रम वापरतात.

अधिक प्रचलित मार्ग घड्यांचा (फोल्डचा). विदा (डेटा) पाच भागांत वाटून प्रत्येक भागाचे संकेत उरलेल्या चार भागांवरून काढतात. एकांड्या पिनकोडला तेव्हा त्या चार भागांचे एकंदर प्रमाण मिळते. सायकिट-लर्नमध्ये आवृत्ती १.३ पासून (२०२३) हे उपलब्ध आहे:

```python
te = TargetEncoder(smooth=20, cv=5)
A = te.fit_transform(pin_train, y_train)
B = te.transform(pin_test)
```

प्रशिक्षणाच्या ओळींवर `fit` आणि मग `transform` असे वेगवेगळे चालवल्यास घड्या पडत नाहीत आणि गळती परत येते. दोन्हींचा निकाल सारखा असेल, असे गृहीत धरणे ही नेहमीची चूक.

दुसरी गळती याहून ढोबळ, पण ओळखायला अवघड असते. प्रशिक्षण आणि चाचणी अशा विभागणीआधीच साऱ्या विदेवर संकेत काढले, तर चाचणीच्या ओळींची उत्तरेही त्यांत शिरतात आणि चाचणीचा गुणांकही खोटा वाढतो. पहिल्या प्रकारात निदान प्रशिक्षणाचा गुणांक उत्तम आणि चाचणीचा वाईट अशी तफावत दिसते. दोन्हींसाठी एक साधी कसोटी आहे: लक्ष्याचा स्तंभ पिसून सगळी प्रक्रिया पुन्हा चालवावी. चाचणीचा एयूसी, म्हणजे निव्वळ अंदाजपंचे उत्तरांना ०.५ देणारा गुणांक, ०.५ च्या आसपास न येता वर राहिला, तर उत्तरे चाचणीत झिरपत आहेत. प्रशिक्षणात पिनकोडचे महत्त्व तसेच टिकले, तर ओळी स्वतःचेच उत्तर वाचत आहेत.

प्रशिक्षणात न आलेल्या पिनकोडला सहसा एकंदर प्रमाण देतात. मिची-बारेका यांनी अमेरिकी झिप कोडसाठी श्रेणीबद्ध पर्याय मांडला आहे: पुरेशा ओळी नसतील तर मागचे अंक गाळून मोठ्या भागाची सरासरी आधाराला घ्यायची. भारतीय पिनकोडचे पहिले तीन अंक वर्गीकरण जिल्ह्याचे असल्याने ४११ हा आधार पुण्यासाठी सहज मिळतो.