सोलकढी म्हणजे ‘कढ़ी’ नव्हे: तीन भाषांतलं मेन्यूकार्ड आम्ही कसं लिहितो

मालवणी खानावळीचं मेन्यूकार्ड मराठी, हिंदी आणि इंग्रजीत करायचं म्हणजे एकच वर्णन तीनदा लिहायचं, असं बऱ्याच मालकांना वाटतं. पण तीन भाषांतल्या पाहुण्यांना पडणारे प्रश्न वेगळे असतात.

सोलकढीच घ्या. मराठी पाहुण्याला ती माहीत असते. त्याला एवढंच हवं असतं की ती ताज्या नारळाच्या रसाची आहे का आणि लसूण-मिरची कितपत आहे. हिंदी पाहुणा ‘कढ़ी’ वाचून गरम, बेसन-दह्याची कढी डोळ्यांसमोर आणतो. समोर गुलाबी, थंड पेला आला की तो गोंधळणारच. म्हणून हिंदीत आम्ही लिहितो: ‘कोकम और नारियल के दूध का ठंडा, खट्टा पेय। बेसन-दही नहीं। भोजन के साथ पिएँ या चावल पर डालें।’ इंग्रजी वाचणाऱ्या परदेशी पाहुण्याची अडचण आणखी निराळी. तो रंग पाहून गोड मिल्कशेक समजतो. त्यामुळे त्याच्यासाठी पहिल्याच वाक्यात ‘गोड नाही, लसणीची चव आहे’ हे येतं आणि कोकम हे आंबट फळ असल्याचं सांगितलं जातं.

पदार्थाचं नाव आम्ही तिन्ही भाषांत तसंच ठेवतो. पाहुण्याला ते वेटरकडे मागायचं असतं आणि वेटरला ते ओळखायचं असतं. कोंबडी वड्याला शब्दशः ‘चिकन वडा’ केलं की लोक चिकन घातलेला तळलेला वडा समजतात. खरं तर ती कोंबडीची सागोती आणि सोबत तांदूळ-उडदाच्या पिठाचे पुरीसारखे फुगलेले वडे. मोरी मसाल्यात तर मोरी म्हणजे लहान शार्क. शब्दकोशातून गेलात तर पाहुण्यापुढे सांडपाण्याची मोरी येते! बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात, पण ते शीर्षक केलं तर बदक समजून मागवणारे भेटतात. म्हणून शीर्षक ‘बोंबील फ्राय’, आणि ‘मऊ मासा’ हे वर्णनात.

माहिती आम्ही तुमच्या आचाऱ्याकडून घेतो, कारण वड्याच्या पिठात काय पडतं हे प्रत्येक घरचं वेगळं. गव्हाचं पीठ घालता का, हे आवर्जून विचारतो. ग्लूटेन टाळणाऱ्या पाहुण्याला ‘तांदळाचे वडे’ वाचून चुकीचा भरवसा वाटू नये. ‘तिसऱ्या’ या नावापुढे तो शिंपल्यातला जीव असल्याचं लिहितोच, कारण अनेकांना त्याची ॲलर्जी असते.

एका वर्णनाला साधारण 15 शब्द पुरतात. छपाईआधी ते हा पदार्थ कधीच न खाल्लेल्या माणसाला वाचायला देऊन एकच विचारतो: ताटात काय येईल? उत्तर चुकलं, तर वर्णन पुन्हा लिहितो. पदार्थ बदलला, पीठ बदललं, नारळाच्या ताज्या रसाऐवजी पाकिटातला वापरू लागलात, तर आम्हाला कळवा. ती ओळ तिन्ही भाषांत बदलावी लागते.